इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणताना: माथेरानच्या एका नमुन्यावरून

पर्यटनाचे इंग्रजी माहितीपत्रक मराठीत आणण्याचे काम नव्याने हाती घेणाऱ्याला पहिल्याच पानावर एक विचित्र अनुभव येतो. वाक्याचा अर्थ बरोबर उतरलेला असतो, व्याकरणातही खोट नसते, पण मजकूर कोणी मोठ्याने वाचू लागला की तो जाहिरातीच्या भोंग्यासारखा वाटतो. ज्या कुटुंबाने तो वाचून सहलीचा बेत ठरवायचा असतो त्याला हवी असलेली माहिती त्यात जवळजवळ नसते. हे टाळण्यासाठी काम कोणत्या क्रमाने करावे, हे येथे माथेरानच्या एका नमुन्यावरून सांगितले आहे. नमुन्यातील हॉटेल काल्पनिक आहे. माथेरान मात्र खरे आहे, आणि या कामात ठिकाण खरे असण्याला फार महत्त्व असते.

अशा पत्रकातील पहिला परिच्छेद शब्दशः उतरवला तर साधारण असा दिसतो:

"पश्चिम घाटाच्या कुशीत वसलेले माथेरान हे आशियातील एकमेव वाहनमुक्त हिल स्टेशन आहे, जे शहराच्या गजबजाटापासून एक परिपूर्ण सुटका देऊ करते. चित्तथरारक दृश्यांचे साक्षीदार व्हा, अविस्मरणीय आठवणी निर्माण करा आणि निसर्गाच्या सान्निध्यात स्वतःला पुनरुज्जीवित करा. आमचे कुटुंब-स्नेही रिसॉर्ट सर्व वयोगटांसाठी काहीतरी देऊ करते."

यात काय बिघडले आहे ते मराठी कानाला लगेच कळते. दृश्य चित्तथरारक असले की वाचकाला दरीच्या टोकावरची कसरत आठवते, आणि मुलांना घेऊन निघालेल्या पालकांना ते आमंत्रण वाटत नाही. साक्षीदार व्हायला कोणी सुटीत घर सोडत नाही. तरीही हे शब्द बदलून त्यांच्या जागी बरे शब्द बसवणे हा उपाय पुरत नाही, कारण खरी अडचण शब्दांच्या आधीची आहे. हा परिच्छेद वाचून माथेरानविषयी एकच गोष्ट कळते, ती म्हणजे तेथे मोटारी नाहीत. आणि तिचा घरच्या मंडळींसाठी काय अर्थ होतो हे तर कळतच नाही.

आधी मजकूर चाळून घ्यावा

म्हणून अनुवादाला बसण्यापूर्वी मूळ पत्रक पेन्सिल घेऊन वाचावे. जी गोष्ट तपासता येते तिच्याखाली रेघ मारावी, जो दावा आहे त्याच्यासमोर प्रश्नचिन्ह करावे, आणि जे केवळ वातावरण तयार करण्यासाठी लिहिले आहे ते कंसात टाकावे. वरच्या परिच्छेदात रेघ एकाच ठिकाणी पडते: माथेरानमध्ये मोटारी चालत नाहीत. प्रश्नचिन्हे दोन ठिकाणी येतात. "आशियातील एकमेव" हा दावा वर्षानुवर्षे पत्रकांतून फिरत आला आहे, पण त्याचा आधार काय, हे पत्रक काढणाऱ्याला विचारावे आणि समाधानकारक उत्तर आले नाही तर तो सोडून द्यावा. त्याच्या वगळण्याने एकाही कुटुंबाचा बेत बदलत नाही. "सर्व वयोगटांसाठी काहीतरी" हा दुसरा दावा. त्यातल्या "काहीतरी"च्या जागी नेमके काय आहे, हे विचारल्याशिवाय त्याचे मराठी करता येणार नाही. उरलेले सारे कंसात जाते.

कंसातला मजकूर कसा ओळखावा, याची एक सोपी कसोटी आहे. वाक्यातले ठिकाणाचे नाव काढून तेथे महाबळेश्वर घालून पाहावे. वाक्य तसेच्या तसे चालत असेल तर ते माथेरानविषयी नाही, आणि मराठीत त्याला जागा देण्याचे कारणही नाही. नयनरम्य, मनमोहक, निसर्गाची मुक्त उधळण ही सगळी मंडळी या कसोटीत गळून पडतात. मूळ लेखकाला हलक्या विशेषणांची सवय असते आणि इंग्रजी वाचकही ती नजरेआड करतो. मराठीत मात्र त्यांचे संस्कृत प्रतिशब्द आले की वाक्य जड होते आणि सत्कार समारंभातील मानपत्राचा सूर लागतो.

घरातले प्रश्न काढावेत आणि उत्तरे मिळवावीत

दुसरी पायरी बहुतेक नवे अनुवादक वगळतात, आणि माझ्या मते कामाचा निम्मा कस तेथेच लागतो. सहलीचा बेत आखताना घरात जे प्रश्न निघतात ते कागदावर लिहून काढावेत. माथेरानच्या बाबतीत पहिला प्रश्न अटळ आहे: गाडी कुठपर्यंत जाते? नेरळहून घाट चढून आलेली गाडी दस्तुरी नाक्याच्या वाहनतळावर थांबते, आणि तेथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. इंग्रजी पत्रक मोटारी नसणे हे शांततेचे लक्षण म्हणून मिरवते, ते खोटेही नाही. पण तीच ओळ वाचणाऱ्या घरात आजींचे गुडघे, दोन बॅगा आणि झोपी गेलेले लहान मूल या तिन्ही गोष्टी एकदम डोळ्यांसमोर येतात. एकाच वस्तुस्थितीच्या या दोन बाजू आहेत, आणि कुटुंबासाठी लिहिलेल्या मजकुरात दोन्ही याव्या लागतात.

पुढचे प्रश्न याच अंगाने निघतात. चालणे जमत नसेल तर काय? दस्तुरीजवळच अमन लॉज हे छोट्या रेल्वेगाडीचे स्थानक आहे आणि तेथून माथेरान स्थानकापर्यंत, म्हणजे थेट बाजारापर्यंत, गाडीने जाता येते. घोडेही मिळतात आणि सामानासाठी हमालही. नेरळपासून सुरू होणारी छोटी गाडी १९०७ सालापासूनची आहे. सुमारे एकवीस किलोमीटरची ती वळणावळणाची वाट हेच मुलांसाठी सहलीचे मोठे आकर्षण असते, पण तिला दोन तासांहून अधिक वेळ लागतो आणि पावसाळ्यात नेरळपासूनचा प्रवास साधारणपणे बंद ठेवला जातो. हे सगळे मूळ पत्रकात असेलच असे नाही. मग तेथे एक मर्यादा लक्षात ठेवावी लागते: अनुवादकाने स्वतःच्या माहितीवर विसंबून नवी तथ्ये परस्पर घालू नयेत. प्रश्नांची यादी पत्रक काढणाऱ्याकडे पाठवावी, उत्तरे लेखी घ्यावीत आणि कोणती वाक्ये मूळात नव्हती याची खूण हस्तलिखितावर ठेवावी.

हॉटेलविषयीचे प्रश्नही याच यादीत जातात आणि ते अगदी साधे असतात. एका खोलीत किती माणसे झोपू शकतात? जादा व्यवस्था म्हणजे पलंग की जमिनीवरची गादी? गरम पाणी दिवसभर येते की ठरावीक वेळी? खोलीत कमोड आहे का? खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत? लहान मुलासाठी मऊ वरणभात आणि कोणाचा उपवास असेल तर साबुदाण्याचे किंवा वरीचे काही मिळते का? मूळ पत्रकात याऐवजी "मल्टी-क्युझिन रेस्टॉरंट" असे दोन शब्द असतात. "विविध पाककृतींचे उपाहारगृह" असे त्यांचे भाषांतर करून कोणाच्याही पोटाची चिंता मिटत नाही.

मजकूर दिवसाच्या क्रमाने लिहावा

उत्तरे हाती आली की मूळ परिच्छेदांचा क्रम बाजूला ठेवावा. इंग्रजी पत्रक बहुधा ठिकाणाची स्तुती, मग हॉटेल, मग प्रेक्षणीय स्थळे आणि शेवटच्या पानावर बारीक टाइपात "कसे पोहोचाल" असे रचलेले असते. मराठी मजकूर पोहोचण्यापासून सुरू केला तर तो आपोआप सांगण्याच्या सुरात येतो, कारण माहिती वाचकाच्या पावलांबरोबर पुढे सरकते. शिवाय विशेषणांची जागा क्रियापदे घेतात. वरचा परिच्छेद या रीतीने असा लिहिता येईल:

"दस्तुरीच्या वाहनतळावर गाडी लावली की पुढे खासगी वाहन जात नाही. इथून बाजारपेठ सुमारे अडीच किलोमीटरवर आहे. चालायची हौस असेल तर झाडांच्या सावलीतून जाणारी लाल मातीची वाट आहे, आणि चालणे जमत नसेल त्यांना जवळच्याच अमन लॉज स्थानकातून छोट्या गाडीने बाजारापर्यंत जाता येते. सामानासाठी हमाल मिळतात. दर आधी विचारून घ्यावा. वर आल्यावर मागून मोटारीचा हॉर्न वाजत नाही, त्यामुळे मुलांना जरा मोकळे सोडता येते. वाटेने घोडे मात्र जात-येत असतात, तेवढे लक्ष असू द्यावे."

यात "परिपूर्ण सुटका" कुठे गेली, असा प्रश्न पत्रक काढणारा विचारील. ती "मागून मोटारीचा हॉर्न वाजत नाही" या वाक्यात आहे. शहरात राहणाऱ्या आई-वडिलांना मुलाचा हात रस्त्यावर सोडता येणे म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. घोड्यांविषयीच्या वाक्यावरही आक्षेप येण्याची शक्यता असते, कारण जाहिरातीत उणे काही लिहू नये असा जुना समज आहे. येथे अनुवादकाने थोडे ठाम राहावे. अडचण आणि तिचा उपाय एकाच वाक्यात किंवा लागोपाठच्या वाक्यांत आले की वाचक घाबरत नाही, उलट लिहिणाऱ्यावर त्याचा विश्वास बसतो. फक्त अडचण लिहून उपाय पुढच्या पानावर ढकलला तर मात्र तो आक्षेप रास्त ठरतो. याला एक व्यावहारिक कारणही आहे. पत्रकाच्या एका पानाचा फोटो काढून तो घरच्या ग्रुपवर टाकला जातो आणि बाकीच्यांपर्यंत तेवढेच पान पोहोचते; म्हणून प्रत्येक पानावरचा मजकूर स्वतंत्रपणे पुरा असावा.

स्थळांच्या वर्णनाला हीच रीत लावावी. शार्लोट तलावाविषयी मूळ वाक्याचे शब्दशः रूप "नयनरम्य शार्लोट लेक हे पिकनिकसाठी एक आदर्श ठिकाण आहे, जिथे तुम्ही निसर्गाच्या सौंदर्यात हरवून जाऊ शकता" असे होते. डोंगरमाथ्यावर मुले घेऊन गेलेल्यांना हरवण्याचे आश्वासन देणे बरे दिसत नाही. त्याऐवजी तलाव, त्याच्या काठाजवळचे पिसरनाथाचे मंदिर आणि जवळचा इको पॉइंट अशी एक फेरी मांडावी: "सकाळी नाश्ता करून शार्लोट तलावाकडे निघावे. तलावाजवळच माथेरानचे ग्रामदैवत पिसरनाथ याचे मंदिर आहे. दर्शन घेऊन मोठी माणसे झाडाखाली टेकली की मुलांना इको पॉइंटवर नेता येते. तिथे दरीकडे तोंड करून मारलेली हाक परत येते आणि मग मुले लवकर हलत नाहीत. कठड्यापासून मात्र त्यांना मागे ठेवावे." मूळ इंग्रजी पत्रकात पिसरनाथाचा उल्लेख बरेचदा नसतो किंवा "प्राचीन शिवमंदिर" एवढाच असतो. मराठी कुटुंबात त्या एका नावामुळे आजी-आजोबांचाही बेतात सहभाग होतो.

सूर्यास्ताचा परिच्छेद हा या सर्वांत घसरडा असतो, कारण तेथे मूळ लेखकाने हात सैल सोडलेला असतो. "सूर्यास्ताच्या जादुई क्षणांचा अनुभव घ्या" याच्या जागी पॉर्क्युपाइन पॉइंटवरून मावळता सूर्य दिसतो, त्यासाठी उन्हे कलण्याआधी निघावे, आणि परतताना झाडीत लवकर काळोख होतो म्हणून जवळ टॉर्च ठेवावा, एवढे लिहिले की पुरते. सूर्योदयासाठी प्रसिद्ध असलेला पॅनोरमा पॉइंट बाजारापासून बराच दूर आहे. अंधार असतानाच निघावे लागते, हे त्याच वाक्यात सांगावे. लहान मुले असलेली कुटुंबे तो सोडतील, पण सोडण्याचा निर्णय त्यांनी घरी बसून घेतलेला बरा.

सूर आणि संबोधन

मराठी वाचकाशी पत्रक कोणत्या नात्याने बोलते, हे पहिल्या वाक्याआधी ठरवावे आणि शेवटपर्यंत बदलू नये. "अनुभवा", "भेट द्या", "आनंद लुटा" अशा आज्ञांची रांग हा शब्दशः अनुवादाचा सर्वांत ठळक अवशेष. इंग्रजीत आज्ञार्थ सौम्य वाटतो. मराठीत एकामागून एक पाच आज्ञा आल्या की कोणीतरी हाकारे घालत असल्याचा भास होतो. त्यासाठी मराठीची स्वतःची सोय आहे: "जाता येते", "पाहायला मिळते", "निघावे", "जवळ ठेवावे". या रूपांत सल्ला राहतो आणि हुकूम नाहीसा होतो. "तुम्ही" आणि "आपण" यांपैकी एकच निवडावे. माझी पसंती दोन्ही शक्य तितकी टाळण्याकडे आहे, कारण वरच्या नमुन्यात दिसते तसे कर्ता न सांगताही मराठी वाक्य सहज चालते.

कुटुंबासाठी लिहायचे म्हणजे लाडिक लिहायचे, अशीही एक समजूत आढळते. "चला तर मग, बॅगा भरा" अशी सुरुवात आणि प्रत्येक ओळीनंतर उद्गारचिन्ह हे शब्दशः अनुवादाइतकेच कृत्रिम आहे. तसेच "गृहिणींना स्वयंपाकापासून विश्रांती" यासारखी वाक्ये कटाक्षाने टाळावीत. घरात स्वयंपाक कोण करतो हे पत्रकाने गृहीत धरू नये. जेवणाच्या वेळा आणि पदार्थ सांगावेत, विश्रांती कोणाला मिळाली ते घरचे पाहतील.

जे बदलायचे नाही

एवढी मोकळीक घेतल्यावर काही ठिकाणी ती पूर्ण बंद करावी लागते. दर, तारखा, आरक्षण रद्द करण्याचे नियम, मुलांच्या वयाची अट आणि सुरक्षेच्या सूचना यांचा अनुवाद काटेकोर असावा; तेथे गोडवा आणू नये आणि संक्षेपही करू नये. मूळात "पाच वर्षांखालील" असेल तर "लहान मुले" असे लिहिणे म्हणजे हॉटेलच्या काउंटरवर होणाऱ्या वादाची तयारी करणे होय. नाश्ता भाड्यात धरलेला असेल तर तसेच लिहावे. "मोफत" हा शब्द तेथे वाचकाची दिशाभूल करतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींचा विचार केलेला आहे, त्यामुळे ग्राहकाच्या हाती जे मराठी पत्रक पडणार त्यातील शब्दाला तितकेच वजन असते. अनुवादकाने वाढवलेला "खात्रीने" किंवा "हमखास" यांसारखा एखादा शब्द हॉटेलवर नवे वचन लादू शकतो.

पॉइंटांची नावेही भाषांतरित करू नयेत. वाटेवरच्या पाट्यांवर आणि घोडेवाल्यांच्या तोंडी इको पॉइंट आहे. पत्रकात "प्रतिध्वनी स्थळ" लिहिले तर वाचक तेथे पोहोचणार नाही. लुईझा, अलेक्झांडर, पॉर्क्युपाइन ही नावे पत्रकभर एकाच लेखनाने यावीत, आणि शक्य असल्यास ते लेखन पाटीवरचेच असावे. नकाशा असेल तर त्यातील नावे वेगळ्या माणसाने टाइप केलेली असतात, म्हणून तीही जुळवून पाहावीत.

छपाईपूर्वीची तपासणी

मसुदा तयार झाला की या कामाशी संबंध नसलेल्या एका माणसाला तो वाचायला द्यावा आणि पत्रक परत घेऊन त्याला साधे प्रश्न विचारावेत: गाडी कुठे लावायची, किती चालावे लागेल, चालता न येणाऱ्याने काय करायचे, पावसाळ्यात काय बदलते? उत्तर देता आले नाही, तर माहिती नाही किंवा ती विशेषणांखाली दबली आहे, हे कळते. "छान आहे" एवढीच प्रतिक्रिया आली तर समाधान मानू नये, "मग आईला घेऊन जायचे तर अमन लॉजहून गाडी धरायची ना?" असा प्रश्न आला तर मजकूर कामाला लागला आहे.

छापील पत्रक वर्ष-दोन वर्षे चालते आणि त्या काळात गाडीचे वेळापत्रक, प्रवेशकर, घोड्यांचे दर हे सारे बदलू शकते. असे आकडे पत्रकात छापण्याऐवजी ते कुठे पाहायला मिळतील हे सांगावे, आणि पत्रकाच्या तळाशी माहिती कोणत्या महिन्यापर्यंतची आहे ते नोंदवावे. उन्हाळ्यात लिहिलेले पत्रक पावसातही वाचले जाते, तेव्हा "सध्या" हा शब्द कुठे राहिला असेल तर काढून टाकावा.

शेवटचे काम मांडणीचे आहे आणि ते मांडणीकारावर सोडून चालत नाही, कारण पुष्कळदा त्याला देवनागरी वाचता येत असली तरी जोडाक्षर मोडल्याचे लक्षात येत नाही. मजकूर InDesign मध्ये लावला जात असेल तर परिच्छेदासाठी Adobe World-Ready Paragraph Composer निवडलेला आहे ना, हे विचारून घ्यावे. नाहीतर वेलांट्या भलत्या जागी जातात. छपाईचा नमुना हाती आला की "दऱ्या", "पायऱ्या", "ॲलर्जी" आणि "पॉइंट" असे शब्द शोधून पाहावेत, कारण जुन्या फॉन्टमध्ये अर्धा ऱ आणि ॲ हीच अक्षरे आधी बिघडतात. इंग्रजी मांडणीतील ओळींमधले अंतर तसेच ठेवले असेल तर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या मात्रांना टेकतात. अशा वेळी अक्षर बारीक करू देऊ नये, कारण तो मजकूर आजोबांनाही वाचायचा आहे. एखादे वाक्य काढून जागा करावी, आणि ते वाक्य अर्थातच पेन्सिलीने कंसात टाकलेल्यांपैकी चुकून राहून गेलेले असावे.